प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष कर? शंभर कुटुंबांच्या एका हिशेबावरून वर्गात विचारायचे प्रश्न

प्रश्न: मी पदवीच्या वर्गाला करआकारणी शिकवते. न्याय, सुलभता आणि महसूल या तीन कसोट्यांवर प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांची तुलना करा, असे विचारले की सगळे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातले गुणदोष उतरवून देतात. त्यांना खरोखर तोलून निर्णय घ्यावा लागेल असे प्रश्न कसे तयार करावेत?

उत्तर:

विद्यार्थी गुणदोष उतरवून देतात, कारण प्रश्नात जमा करायची रक्कम ठरवून दिलेली नसते. रक्कम ठरलेली नसेल तर प्रत्यक्ष कर न्याय्य आहे आणि अप्रत्यक्ष कर गोळा करायला सोपा आहे, ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात आणि कोणालाच काही सोडावे लागत नाही. मी अनेक वर्षे करधोरणाचे काम केले. तिथे प्रत्येक प्रस्तावाच्या टिपणीत महसुलावरील परिणामाचा रकाना असे आणि एखादी सवलत सुचवणाऱ्याला तिची भरपाई कुठून होणार हेही त्याच टिपणीत लिहावे लागे. पुढे शिकवू लागल्यावर मी तोच नियम वर्गात आणला: जमा करायची रक्कम आधी ठरेल, ती बदलता येणार नाही आणि प्रत्येक पर्यायाने तीच रक्कम उभी केली पाहिजे. एवढ्या एका अटीमुळे उत्तरांचे स्वरूप पालटते, कारण एकाचा भार कमी केला की तो दुसऱ्या कोणावर पडला हे लिहिणे भाग पडते.

यासाठी मी नेहमी एकच उदाहरण वापरतो आणि सगळे प्रश्न त्यावरच उभे करतो. एका काल्पनिक देशात शंभर कुटुंबे आहेत. त्यांपैकी पन्नास कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी १०० एकक आहे आणि ते सगळे खर्च होते. चाळीस कुटुंबांचे उत्पन्न ३०० असून त्यातले २४० खर्च होतात. उरलेल्या दहा कुटुंबांचे उत्पन्न १,५०० असून त्यातले ७४० खर्च होतात. जीवनावश्यक वस्तूंवर पहिल्या गटातले कुटुंब ५०, दुसऱ्या गटातले ७५ आणि तिसऱ्या गटातले ११० खर्च करते. सगळ्यांचा एकूण खर्च २२,००० भरतो, त्यात जीवनावश्यक वस्तूंचा वाटा ६,६०० आहे आणि सरकारला २,२०० एकक उभे करायचे आहेत. आकडे मी मुद्दाम असे घेतले आहेत की विद्यार्थ्यांचा वेळ भागाकारात न जाता विचारात जावा.

पहिला प्रश्न साधा ठेवावा: सगळ्या खर्चावर एकाच दराने कर लावून ही रक्कम उभी करा आणि प्रत्येक गटावरील भार उत्पन्नाच्या प्रमाणात सांगा. २२,००० च्या खर्चातून २,२०० हवे आहेत, म्हणजे दर दहा टक्के. गरीब कुटुंब १० देते, मधले २४ आणि वरचे ७४. उत्पन्नाशी ताडून पाहिल्यास हा भार अनुक्रमे १० टक्के, ८ टक्के आणि जेमतेम ५ टक्के होतो. प्रतिगामी कर या शब्दाची व्याख्या पाठ केलेल्या विद्यार्थ्याला इथे पहिल्यांदा त्या शब्दामागचा आकडा दिसतो.

इथे एक खाचखळगा आहे आणि वर्गाने त्यात पडावे म्हणून मी तो आधी दाखवत नाही. वरचे दहा टक्के हे कुटुंबाने दुकानदाराला दिलेल्या एकूण पैशाचे आहेत. शंभर एकक दिले तर त्यात ९० वस्तूची किंमत आणि १० कर. किमतीवर मोजले तर हाच दर ११.१ टक्के भरतो आणि विक्रीवरचे कर कायद्यात बहुधा असेच, किमतीवर मोजून, सांगितलेले असतात. आयकर मात्र नेहमी एकूण उत्पन्नावर मोजला जातो, म्हणजे जी रक्कम कर म्हणून जाणार आहे तीही दर लावायच्या रकमेत धरलेली असते. त्यामुळे दहा टक्के आयकर आणि दहा टक्के विक्रीकर हे सारखे दर नव्हेत. दोन्ही करांचे दर थेट शेजारी मांडणारा विद्यार्थी पुढच्या सगळ्या तुलनेत थोडा थोडा चुकत जातो आणि त्याच्या बेरजा २,२०० ला जुळत नाहीत. बेरीज न जुळणे ही चूक पकडण्याची सर्वांत सोपी खूण आहे.

दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरावर उलटतो: भार उत्पन्नाशीच का ताडायचा? खर्चाशी ताडला तर तिन्ही गट बरोबर दहा टक्के देतात आणि तोच कर प्रमाणशीर ठरतो. खर्चाच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे असे की वरच्या कुटुंबाने वाचवलेले ७६० आज ना उद्या खर्च होतील आणि तेव्हा त्यांवर कर बसेलच, म्हणून एका वर्षाच्या उत्पन्नावरून निवाडा करणे चुकीचे आहे. शिवाय एखाद्या वर्षी विद्यार्थी, नुकताच निवृत्त झालेला किंवा धंद्यात खोट आलेला माणूस उत्पन्नाच्या यादीत गरिबांत दिसतो, पण तो आयुष्यभराचा गरीब नसतो. या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र वर्गाला त्याच्या मर्यादाही शोधायला लावाव्यात. बचत कधीच खर्च न होता वारशाने पुढे गेली तर कर लांबत राहतो. उत्पन्न मिळवताना आयकर भरून बचत केलेल्या आणि आता त्या बचतीवर जगणाऱ्या वृद्धांच्या काळात आयकर उतरवून उपभोगावरचा कर आणला तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा भार येतो. माझे स्वतःचे मत असे की गरीब गटाबाबत दोन्ही मापे जवळजवळ एकच निकाल देतात, कारण जे कमावतात ते खर्चतात. वाद खरा आहे तो वरच्या गटाबाबत. विद्यार्थ्याने कोणते माप निवडले यापेक्षा त्या मापाने निकाल कोणाच्या बाबतीत बदलला हे त्याने लिहिले का, ते मी पाहतो.

तिसरा प्रश्न सर्वांत कसदार आहे. त्याला मी पूर्ण तास देतो. गरिबांचा भार कमी करण्यासाठी जीवनावश्यक वस्तू करमुक्त करा, असे वर्ग एकमुखाने सुचवतो. ठीक आहे, करून पाहू. पण आधी विचारावे: दहा टक्क्यांच्या दराने ही सवलत दिली तर किती महसूल जातो आणि तो कोणाकडे जातो? ६,६०० च्या खर्चावरचे ६६० जातात. त्यातले २५० पन्नास गरीब कुटुंबांना मिळतात, ३०० मधल्या चाळीस कुटुंबांना आणि ११० वरच्या दहा कुटुंबांना. एकेका कुटुंबाचा हिशेब घेतला तर गरिबाचे ५ एकक वाचतात, मधल्याचे साडेसात आणि वरच्याचे ११. गरिबांच्या नावाने सोडलेल्या प्रत्येक शंभर एककांतले अडतीसच गरिबांपर्यंत पोहोचले आणि वरच्या प्रत्येक कुटुंबाला गरिबाच्या दुपटीहून अधिक मिळाले. कारण उघड आहे. जीवनावश्यक वस्तू श्रीमंतही घेतात, त्याही अधिक आणि महाग. त्यांच्या खर्चातला या वस्तूंचा वाटा लहान असतो, रक्कम लहान नसते. वाटा आणि रक्कम यांतला हा फरक लक्षात आला की विद्यार्थी इतर सवलतींकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

आता महसुलाची अट लावावी. गेलेले ६६० भरून काढायला उरलेल्या १५,४०० च्या खर्चावर दर वाढवून सुमारे १४.३ टक्के करावा लागतो. त्या दराने गरीब कुटुंब ७.१ देते, मधले २३.६ आणि वरचे ९०. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर ७.१, ७.९ आणि ६ टक्के. म्हणजे सवलतीने गरिबाचा भार कमी झाला हे खरे आहे. विद्यार्थ्यांनी आधीच्या आकड्यांवरून सवलत निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढला असेल, तर तोही इथे सुधारावा लागतो. नेमका निष्कर्ष एवढाच की सवलत काम करते, पण महाग पडते.

मग चौथा प्रश्न आपोआप येतो: तेवढ्याच महसुलात गरिबाचा भार याहून कमी करता येईल का? करता येतो. सवलत एकही ठेवू नये, सगळ्या खर्चावर दर १५ टक्के करावा. जमा होतील ३,३००. त्यातले १,१०० प्रत्येक कुटुंबाला सारखे, म्हणजे ११ एकक, रोख परत द्यावेत. उरलेले २,२०० सरकारचे. गरीब कुटुंब १५ भरते आणि ११ परत घेते, निव्वळ भार ४. मधल्याचा निव्वळ भार २५ आणि वरच्याचा १००. सवलतीच्या पर्यायाशी तुलना केली तर गरिबाचे तीन एककांहून अधिक वाचले, मधल्याचे सुमारे दीड वाढले आणि वरच्याचे दहा वाढले. परत दिलेली रक्कमही पुन्हा खर्च होऊन तिच्यावर थोडा कर येईल, तो आपण इथे धरलेला नाही. पण त्याने निकालाची दिशा बदलत नाही.

हा पर्याय केवळ फळ्यावरचा नाही. न्यूझीलंडने १९८६ साली वस्तू व सेवा कर आणला तो १० टक्के दराने आणि खाद्यपदार्थांसह जवळजवळ सगळ्या वस्तूंवर. त्याच वेळी सामाजिक भत्ते वाढवले आणि आयकराचे दर उतरवले. २०१० साली हा दर १५ टक्के झाला तेव्हाही करपाया तसाच रुंद राहिला. कॅनडाने १९९१ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना विक्रीकराच्या भारापोटी रोख परतावा देण्याची पद्धत ठेवली. पण तिथे मूलभूत किराणा मालावर शून्य दरही ठेवला, म्हणजे दोन्ही उपाय एकदम केले. हे दोन देश शेजारी ठेवून एकाने सवलत का टाळली असेल आणि दुसऱ्याने ती का राखली असेल, असे विचारले तर चर्चा राजकारणाकडे वळते. ती वळू द्यावी. दुकानातल्या पाटीवर कर नाही हे मतदाराला दिसते, खात्यात आलेले अकरा एकक त्याला कराशी जोडता येत नाहीत.

सुलभतेची कसोटीही मला याच सवलतीच्या प्रश्नातून तपासायला आवडते, कारण सवलत आली की तिची सीमा आखावी लागते. ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित करात केकवर शून्य दर आणि चॉकलेटचे आवरण असलेल्या बिस्किटावर पूर्ण दर होता. जाफा केक हा पदार्थ नेमका कोणत्या बाजूला, हा वाद १९९१ साली न्यायाधिकरणापुढे आला. शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्कीट मऊ पडते, हाही एक मुद्दा तिथे विचारात घेतला गेला आणि निकाल केकच्या बाजूने लागला. विद्यार्थी हसतात. मग त्यांना सांगावे: आपल्या उदाहरणातली जीवनावश्यक वस्तूंची व्याख्या पाच ओळींत लिहा. दुसऱ्या गटाला ती व्याख्या देऊन त्यातून निसटणारी वस्तू शोधायला लावावी. अर्ध्या तासात प्रत्येक व्याख्येला एक अपवाद आणि अपवादाला एक पोटअपवाद जोडलेला असतो. कायद्याची जाडी कशी वाढते हे समजावायला मला याहून चांगली रीत सापडलेली नाही.

याच ठिकाणी करमुक्त आणि शून्य दर यांतला भेद शिकवून घ्यावा, कारण पुष्कळ पदवीधरही दोन्ही एकच समजतात. मूल्यवर्धित करात विक्रेता आपल्या विक्रीवरील करातून खरेदीवर भरलेला कर वजा करतो. शून्य दराच्या वस्तूवर विक्रीचा कर शून्य असतो, पण खरेदीवर भरलेला कर विक्रेत्याला परत मिळतो, म्हणून वस्तू खरोखर करमुक्त होते. नुसती करमुक्त वस्तू विकणाऱ्याला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याने कच्चा माल, वीज, वाहतूक यांवर भरलेला कर किमतीत मुरून ग्राहकापर्यंत जातो. आपल्या ६,६०० च्या हिशेबात मी शून्य दर धरला आहे. करमुक्ती धरली तर गरिबाचे पाच एकक वाचणार नाहीत, त्याहून कमी वाचतील. कर दिसत नाही आणि तरी भरावा लागतो.

पाचव्या प्रश्नात आयकर आणावा. प्रत्येक कुटुंबाचे पहिले १०० एकक करमुक्त ठेवा आणि उरलेल्या उत्पन्नावर एकच दर लावा. गरिबांवर काहीच नाही, मधल्या कुटुंबांचे करपात्र उत्पन्न २०० आणि वरच्यांचे १,४००. सगळे मिळून पुन्हा २२,०००. म्हणजे दर पुन्हा दहा टक्केच. मधले कुटुंब २० देते, वरचे १४०. उत्पन्नाच्या शून्य, ६.७ आणि ९.३ टक्के. भार क्षमतेनुसार वाढत जातो आणि कोणतीही वस्तू केक की बिस्कीट हे ठरवावे लागत नाही. वर्गातले बहुतेक जण इथे आपला कौल देऊन मोकळे होतात.

त्यांना मोकळे होऊ देऊ नये. पुढची ओळ सांगावी: मधल्या चाळीस कुटुंबांपैकी वीस पगारदार आहेत आणि वीस स्वतंत्र व्यवसाय करतात, व्यावसायिकांचे उत्पन्न रोखीत येते आणि करखात्याला दिसत नाही. आता दहा टक्क्यांनी १,८०० च जमतात. २,२०० साठी दर १२.२ टक्के करावा लागतो. पगारदार मध्यम कुटुंब २४.४ देते आणि तेवढेच कमावणारा त्याचा शेजारी काहीच देत नाही. सरसकट उपभोग करात हेच पगारदार कुटुंब २४ देत होते. म्हणजे प्रगतिशील म्हणून निवडलेल्या आयकराखाली ते त्या करापेक्षा किंचित अधिकच भरते आहे. वरच्यांनी अधिक भरावे ही एक न्यायाची कल्पना आणि सारख्यांनी सारखे भरावे ही दुसरी. इथे पहिली टिकली आणि दुसरी मोडली. या दोन कल्पनांतला संघर्ष पाठ्यपुस्तकात दोन स्वतंत्र परिच्छेदांत असतो. आकड्यांत तो एकाच कुटुंबाच्या अंगावर येतो, म्हणून विद्यार्थ्यांना तो इथे समजतो.

हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो की उपभोग कर या लपलेल्या वीस जणांनाही पकडतो, कारण खर्च तर ते करतातच. हे अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. जो व्यावसायिक आपले उत्पन्न लपवतो तो आपली विक्रीही लपवतो, कारण दोन्हींचा कागद एकच. तो थेट कुटुंबांना सेवा विकत असेल तर त्याच्या सेवेवरचा उपभोग करही बुडतो. म्हणजे सरसकट कराच्या हिशेबात आपण जो २२,००० चा पाया धरला होता, त्यातूनही त्याची विक्री गळते आणि तिथला दहाचा दरही वाढवावा लागतो. मात्र त्याने नोंदणीकृत पुरवठादाराकडून घेतलेल्या मालावर कर भरलेला असतो, नोंदणी नसल्याने त्याला वजावट मिळत नाही आणि घरखर्चातही तो कर देतोच. त्यामुळे उपभोग करातून तो पूर्ण सुटत नाही, आयकरातून सुटू शकतो. दोन्हींतली गळती मोजून मगच तुलना करावी. एका बाजूची गळती धरून दुसरी बाजू कोरडी समजणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे आणि ती अनुभवी लोकांच्या टिपण्यांतही मी पाहिली आहे.

सुलभतेबद्दल आणखी एक प्रश्न पुरे, तो म्हणजे कोणाची सुलभता. आयकरात कर भरणाऱ्या वरच्या दोन गटांतल्या पन्नास कुटुंबांचे उत्पन्न ठरवावे लागते, उपभोग करात काही थोडे विक्रेते सगळ्यांचा कर गोळा करतात. वरवर पाहता दुसरे सोपे. पण ब्रिटनने १९४४ पासून वेतनातूनच कर कापून घेण्याची पद्धत सुरू केली आणि अनेक देशांत अशी उगमस्थानी कपात रूढ झाली, तेव्हा पगारदारांपुरता आयकरही थोड्या मालकांच्या हातून गोळा होऊ लागला. म्हणजे सुलभता कराच्या प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष असण्यातून येत नाही. पैसा ज्या थोड्या, नोंद ठेवणाऱ्या हातांतून जातो तिथे कर गाठता आला की तो सोपा होतो. तशी सुलभता फुकटही नसते. कपात करून भरणा करण्याचे काम मालकावर किंवा विक्रेत्यावर पडते आणि लहान व्यवसायाला ते त्याच्या उलाढालीच्या मानाने जड जाते. म्हणूनच बहुतेक देश ठरावीक उलाढालीखालच्या विक्रेत्यांना नोंदणीतून वगळतात आणि तिथे महसुलाचा थोडा भाग जाणूनबुजून सोडतात.

महसुलाच्या कसोटीवर रक्कम आधीच बांधलेली असल्याने विचारण्यासारखा प्रश्न उरतो तो स्थैर्याचा. आयकराच्या मूळ पर्यायात २,२०० पैकी १,४०० दहा कुटुंबे देतात. मंदीत त्यांचे उत्पन्न १,५०० वरून १,००० वर आले तर महसूल १,७०० वर घसरतो, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा जातो. त्याच मंदीत त्यांनी खर्च ७४० वरून ६४० वर आणला असे धरले तर सरसकट उपभोग कराचा महसूल २,२०० वरून २,१०० होतो. यावरून उपभोग कर श्रेष्ठ असे कोणी लिहिले तर त्याला विचारावे की कर कमी झाला म्हणजे तो पैसा गेला कुठे? तो त्या कुटुंबांच्या हाती राहिला आणि त्यांचा खर्च आणखी कोसळण्यापासून थोडा सावरला. सरकारच्या तिजोरीला जी अस्थिरता वाटते ती अर्थव्यवस्थेला आधार असू शकते. पण ज्या सरकारला मंदीत कर्ज काढता येत नाही, उदाहरणार्थ स्थानिक संस्थेला, तिच्या दृष्टीने हा आधार परवडणारा नसतो. त्यामुळे हा प्रश्न देताना कर लावणारी संस्था कोणती, हे लिहून द्यावे.

या सगळ्या हिशेबाखाली आपण एक गृहीतक न बोलता धरले आहे: उपभोग कर पूर्णपणे ग्राहकावर सरकतो आणि आयकर कमावणाऱ्यावरच राहतो. मी ते सुरुवातीला सांगत नाही. शेवटच्या तासाला विचारतो की आपण न तपासता काय मानले? ज्या वस्तूला पर्याय आहे तिच्या विक्रेत्याला किंमत वाढवता येत नाही आणि कराचा काही भाग त्याच्या नफ्यातून किंवा कामगारांच्या वेतनातून जातो. उलट दुर्मीळ कौशल्याचा माणूस वाढलेला आयकर अधिक मोबदल्याच्या रूपाने मालकाकडून वसूल करू शकतो. कायदा ज्याच्या नावावर कर लिहितो तो आणि ज्याच्या खिशातून तो जातो तो एकच असेल असे नाही. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष ही विभागणीच या गृहीतकावर उभी असल्याने ती किती भार पेलते हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेले बरे.

परीक्षेसाठी मी प्रश्न असा घालतो: "वरील चार पर्यायांपैकी एक निवडा. तुमच्या निवडीमुळे दुसऱ्या क्रमांकाच्या पर्यायापेक्षा कोणत्या कुटुंबाचा भार किती एककांनी वाढतो ते लिहा आणि त्या कुटुंबाला उद्देशून दहा ओळींत कारण सांगा." उतरवून काढलेले उत्तर इथे लगेच ओळखू येते, कारण त्यात कुटुंबही नसते आणि एककही नसते. रोख परताव्याचा पर्याय निवडणाऱ्याला उत्पन्नाच्या प्रमाणात सर्वाधिक भार, म्हणजे ८.३ टक्के, मधल्या कुटुंबावर पडतो हे मान्य करावे लागते. आयकर निवडणाऱ्याला त्या वीस पगारदारांना तोंड द्यावे लागते. गुण निवडीला नसतात, हिशेब आणि कारण यांना असतात, हे प्रश्नपत्रिकेवरच छापावे, नाहीतर शिक्षकाला आवडणारा पर्याय कोणता याचा अंदाज बांधण्यात मुले वेळ घालवतात.

ज्यांचे उत्तर लवकर होते त्यांच्यासाठी मी एक पुरवणी प्रश्न ठेवतो. रोख परताव्याच्या पर्यायात पन्नास गरीब कुटुंबांपैकी दहांची नोंदच सरकारकडे नाही. त्यांच्याकडे पत्ता नाही, खाते नाही किंवा कागद नाही. त्यांना ११ एकक मिळत नाहीत आणि ती १५ भरतात. कोणत्याही पर्यायात कोणत्याही गरीब कुटुंबावर पडणारा हा सर्वांत मोठा भार आहे. सरकारकडे मात्र त्यांच्या वाट्याचे ११० एकक शिल्लक राहतात आणि महसुलाच्या रकान्यात ही चूक वाढ म्हणून दिसते. अशा दहांऐवजी किती कुटुंबे सुटली तर तुम्ही रोख परतावा सोडून शून्य दराच्या सवलतीकडे जाल, तो आकडा लिहा आणि तिथेच रेघ का ओढली ते सांगा.